रात्री मुंग्या येतात, पण करंगळीला?

शिलाईकाम करणारी 45 वर्षांची बाई रात्री दोनला हाताला मुंग्या येऊन जागी होते. हात झटकला की बरे वाटते. अशा वेळी घरोघरी बी-12 च्या गोळ्या सुरू होतात. त्याआधी बोटे नेमकी कोणती, हे पाहायला हवे. अनेकांना अख्खा हात बधिर वाटतो, म्हणून जाग येताच करंगळी चाचपावी. अंगठा, तर्जनी, मधले बोट बधिर आणि करंगळी शाबूत असेल, तर मनगटातील बोगद्यात नस दबत असल्याचा, म्हणजे कार्पल टनेलचा संशय बळावतो. करंगळीची नस या बोगद्यातून जातच नाही. तीच बधिर असेल तर दोष बहुधा कोपराशी असतो.

झोपेत मनगट दुमडते आणि बोगद्यातला दाब वाढतो. म्हणून मनगट सरळ ठेवणारा पट्टा रात्री सुमारे सहा आठवडे बांधणे हा पहिला उपाय. मधुमेह आणि थायरॉइडही तपासून घ्यावेत. मात्र बधिरपणा दिवसाही राहू लागला किंवा अंगठ्याखालचा उंचवटा सपाट दिसू लागला, तर पट्ट्यावर विसंबू नये. तेव्हा शस्त्रक्रिया लांबवली, तर गेलेली ताकद परत येईलच असे नाही.