डब्यावरचे तीन शब्द

नवा राउटर घ्यायला दुकानात गेलात की डब्याच्या पाठीवर तीन शब्द हमखास दिसतात. बीमफॉर्मिंग, म्यू-मायमो आणि ओएफडीएमए. दुकानदार बोट ठेवून म्हणतो, 'सर, यात सगळं आहे.' आपणही मान डोलावतो, कारण 'म्हणजे काय?' असं विचारलं तर आपण मागासलेले ठरू ही भीती. शिवाय ज्या डब्यावर हे शब्द मोठ्या अक्षरांत, त्याची किंमतही मोठ्या अक्षरांत. म्हणून जरा उलगडूनच बघू, यातलं आपल्या टू-बीएचकेत खरंच काय कामाला येतं.

आधी बीमफॉर्मिंग. गणपतीत ढोल-ताशा पथक बघितलंच असेल. समजा, चार ढोल चौकात चार ठिकाणी उभे आहेत आणि प्रत्येकाने ठोका अशा बेताने मारला, की चारही आवाज तुमच्या गॅलरीत नेमके एकाच क्षणी पोचतील. तुम्हाला दणका जोरात बसेल, शेजारच्या गल्लीत मात्र तेच आवाज मागेपुढे होऊन विस्कटलेले पोचतील. राउटर आपल्या अँटेनांनी हेच करतो. आधी एक चाचणी संदेश सोडतो, तुमचा फोन 'मला तो असा ऐकू आला' असा अहवाल परत पाठवतो आणि त्यावरून राउटर प्रत्येक अँटेनाची वेळ जुळवतो. वाय-फाय ५ पासून, म्हणजे २०१३ पासून, या अहवालाची एकच ठरलेली पद्धत आहे. त्याआधी जो तो आपापली भाषा बोलायचा, त्यामुळे एका कंपनीचा राउटर आणि दुसऱ्या कंपनीचा लॅपटॉप यांचं जमेलच असं नव्हतं.

फायदा खरा आहे, पण बेताचा. राउटरच्या समोर बसलात तर सिग्नल आधीच भरपूर असतो. तीन भिंतींपलीकडे गेलात तर जुळवण्यासारखं फारसं उरतच नाही. मधल्या अंतरावर, एखाद-दुसऱ्या भिंतीआड, तो उपयोगी पडतो. आणि तो राउटरकडून तुमच्याकडे येणाऱ्या डेटासाठी आहे. व्हिडिओ कॉलवर तुमचा आवाज उलट दिशेने जातो, तोही फोनच्या चिमुकल्या ताकदीवर. तिथे जास्त अँटेनांचा वेगळा फायदा होतो: राउटर चार कानांनी ऐकतो, म्हणून दबका आवाजही त्याला जास्त नीट कळतो. याची जाहिरात मात्र कोणी करत नाही!

आता म्यू-मायमो. साधारणपणे राउटर एका क्षणी एकाच उपकरणाशी बोलतो. तुम्हाला वाटतं सगळ्यांचं एकदम चाललंय, पण ते झपाट्याने पाळी बदलणं असतं. म्यू-मायमोत तो हीच जुळवाजुळव वापरून दोघा-तिघांना एकाच क्षणी वेगवेगळा डेटा पाठवतो, आणि एकाचा डेटा दुसऱ्याच्या जागी जवळपास शून्य ऐकू येईल अशी काळजी घेतो. ऐकायला झकास. पण त्यासाठी सिग्नल ठणठणीत हवा, उपकरणं एकमेकांपासून लांब हवीत आणि जागच्या जागी हवीत. फोन हातात घेऊन तुम्ही किचनकडे निघालात की आधीचा अहवाल शिळा. म्हणजे गंमत बघा, ज्या खोलीत नेट रडतं, तिथेच हे सगळ्यात आधी मान टाकतं.

ओएफडीएमए हे टेम्पोचं गणित आहे. व्हॉट्सअॅपचा मेसेज किंवा कॉलमधला आवाजाचा तुकडा अगदी छोटा असतो. पण तो पाठवायलाही राउटरला रस्ता मोकळा होईपर्यंत थांबावं लागतं, 'येतोय' म्हणावं लागतं आणि पोचपावती घ्यावी लागते. एका खोक्यासाठी अख्खा टेम्पो पाठवल्यासारखं. वाय-फाय ६ मध्ये या टेम्पोत कप्पे पडले. सगळ्यात अरुंद, २० मेगाहर्ट्झच्या चॅनेलचेही ९ कप्पे होऊ शकतात आणि एकाच फेरीत नऊ जणांची खोकी जातात. कमाल स्पीड याने वाढत नाही, वाट बघणं कमी होतं. चाळीस फोन असलेल्या ऑफिसात ही चैन नव्हे, गरज आहे. घरात दहा-बारा उपकरणं असली तरी बहुतेक पेंगत असतात, आणि जुना टीव्ही किंवा स्वस्तातला कॅमेरा वाय-फाय ६ चा नसेल तर त्याला या टेम्पोत जागाच नाही. शिवाय बिल्डिंगमधली खरी गर्दी तुमच्या उपकरणांची नसते, वरच्या-खालच्या-शेजारच्या राउटरांची असते. त्यांना तुमचा ओएफडीएमए शिस्त लावू शकत नाही.

हे सगळं माझ्या एका मैत्रिणीच्या बाणेरच्या फ्लॅटमध्ये आम्ही तपासून पाहिलं. २०० एमबीपीएसचा प्लॅन, कंपनीचा डबा हॉलमध्ये टीव्हीमागे कोंबलेला. ती आणि तिचा नवरा दोघंही घरून काम करणारे, पण बेडरूममध्ये त्याचे कॉल तुटायचे. मध्ये दोन भिंती, टाइल्सचं बाथरूम आणि लोखंडी कपाट. विंडोज लॅपटॉपवर ही कमांड दिली:

```
netsh wlan show interfaces
```

यात `Receive rate` हा आकडा बघायचा, म्हणजे राउटर आणि लॅपटॉप यांच्यात ठरलेला वेग. हॉलमध्ये तो १२०१ होता आणि स्पीड टेस्ट १९० च्या वर. बेडरूममध्ये तो १३० वर आला आणि खरा स्पीड ६० वर. ६० म्हणजे कॉलला चिक्कार. मग तुटतोय का? राउटरच्या पत्त्यावर `ping` लावलं (त्यांच्याकडे तो `192.168.1.1` होता) तेव्हा उत्तर कधी ४ मिलिसेकंदांत, कधी ३०० मध्ये. लॅपटॉप मधूनच २.४ गिगाहर्ट्झवर उडी मारत होता आणि तिथे अख्ख्या बिल्डिंगची जत्रा भरलेली.

नवरोबांनी तोवर तिन्ही शब्दांचा, चार अँटेनांचा महागडा राउटर आणलाच होता. तो त्याच टीव्हीमागे ठेवला. बेडरूममध्ये ६० चे ८५ झाले, पण संध्याकाळचे कॉल तुटतच राहिले. मग पंधरा मीटर लॅन केबल आणली, भिंतीच्या कडेने ओढली आणि तोच राउटर पॅसेजमध्ये डोक्याच्या उंचीवर लावला. बेडरूममध्ये वेग ७०० च्या पुढे, स्पीड टेस्ट १९०, पिंग ३ ते ६. केबलचा खर्च काही शे रुपये.

मग आम्ही म्यू-मायमो आणि ओएफडीएमए सेटिंगमध्ये जाऊन बंद केले आणि दोन लॅपटॉपवर एकदम डाउनलोड लावलं. प्रत्येकी ९५. पुन्हा चालू केले, तरीही प्रत्येकी ९५. होणारच! बाहेरून लाइनच २०० ची येते आणि हवेत त्याच्या कितीतरी पट वाट मोकळी आहे, मग पाळीपाळीने बोलूनही पुरून उरतं. बीमफॉर्मिंग बंद केलं तेव्हा बेडरूममधला आकडा जरा उतरला. ते चालूच ठेवा, बहुतेक राउटरांत मुळातच चालू असतं.

म्हणून माझ्या मते, साध्या घराला दोन अँटेनांचा वाय-फाय ६ राउटर आणि लांब केबल, एवढं पुष्कळ आहे. तुमचे फोन-लॅपटॉप बहुतेक दोन अँटेनांचेच असतात, त्यामुळे चार अँटेनांच्या राउटरशीही ते १२०१ च्याच वेगाने बोलणार. (एक गिगाबिटची लाइन आणि घरात पाच-सहा जण एकाच वेळी मोठमोठ्या फायली ओढणारे असतील, तर गोष्ट वेगळी.)

आणि दुकानात त्या तीन शब्दांऐवजी डब्यावर लॅन पोर्टचा आकडा शोधा. काही स्वस्त राउटर पुढे १२०० ची जाहिरात करतात आणि मागचे पोर्ट १०० चे असतात. मग प्लॅन २०० चा असो की ५०० चा, नेट ९५ च्या आसपासच अडकतं. पोर्टवर `10/100/1000` किंवा गिगाबिट लिहिलेलं असेल तरच कार्ड काढा.