बदली बापाची, दाखला लेकराचा

7 नोव्हेंबर 1900. साताऱ्याच्या शाळेच्या रजिस्टरात भिवाचे नाव लागले. तो दिवस आपण विद्यार्थी दिवस म्हणून साजरा करतो. पण आज आपल्याच वस्तीत आलेल्या लेकराचे नाव रजिस्टरात लागले की नाही, हे आपण विचारतो का?

गेल्या ऑक्टोबरात एका एसटी कर्मचाऱ्याची नांदेडहून पुण्याला बदली झाली. मुलगी सहावीत. जवळची अनुदानित शाळा म्हणाली, आधी शाळा सोडल्याचा दाखला आणा. जुनी शाळा म्हणाली, दिवाळीनंतर या. मुलगी तीन आठवडे घरी बसली.

आमचे म्हणणे स्पष्ट आहे: हे बेकायदेशीर होते. शिक्षण हक्क कायदा 2009, कलम 5 सांगते की मुख्याध्यापकाने दाखला ताबडतोब द्यावा, आणि दाखल्याला उशीर झाला म्हणून नव्या शाळेने प्रवेश रोखू नये. आम्ही बापाला तोंडी विनवण्या थांबवायला सांगितल्या. कलमाचा उल्लेख करून अर्ज लिहिला, दुसऱ्या प्रतीवर शाळेची पोच घेतली. दोन दिवसांत मुलगी वर्गात बसली. मर्यादाही लक्षात ठेवा. हे कलम आठवीपर्यंतच, आणि सरकारी व अनुदानित शाळांनाच लागू आहे. विनाअनुदानित शाळेवर त्याची सक्ती नाही. 25 टक्क्यांतून मिळालेली जागाही बदलीबरोबर आपोआप येत नाही.

दाखला हातात आला की तिथेच उभे राहून वाचा. नाव, जन्मतारीख, जात. नवी शाळा तेच उतरवते, आणि पुढे जातीच्या दाखल्याला, पडताळणीला तेच कागद लागतात. चूक असेल तर मूल जुन्या शाळेत असतानाच दुरुस्त करून घ्या. नंतर हेलपाटे वाढतात.

प्रवेश झाला म्हणजे मूल रुळले, असे मात्र नाही. आठव्या दिवसापासून मुलीचा डबा भरलेला परत येऊ लागला. सकाळी पोट दुखायचे, रविवारी नाही. आईने रागावणे सोडून शेजारी बसून विचारले, तेव्हा कळले. शिष्यवृत्तीच्या यादीसाठी बाईंनी भर वर्गात जात विचारून तिला उभे केले होते. त्यानंतर डब्याला सोबत कोणी बसेना.

आम्ही मोर्चा नेला नाही. मोर्चाने मुलगी वर्गात आणखी एकटी पडली असती. आईवडील मुख्याध्यापकांना भेटले. कलम 17 मानसिक छळालाही मनाई करते, हे शांतपणे सांगितले आणि लेखी मागणी दिली: शिष्यवृत्तीचे कागद पालकांकडून कार्यालयात घ्यावेत. ते मान्य झाले. इमारतीतल्या दोन मुली आता तिच्यासोबत शाळेत जातात. डबा रिकामा येतो.

कार्यकर्त्यांनो, जयंतीच्या वर्गणीसाठी आपण घरोघर जातो. वस्तीत नवे बिऱ्हाड आले की त्याच पायांनी जा आणि एवढेच विचारा: लेकराचा दाखला आला का, आणि डबा रिकामा येतो का?

जय भीम.