मंत्र डाउनलोड होत नसतात!

एक प्रयोग करून बघा. गॅदरिंगमधली कुठलीही एकांकिका घ्या, किंवा हॉस्टेलच्या कुठल्याही विंगने रात्री जागून काढलेली शॉर्ट फिल्म घ्या. त्यात मांत्रिक असो, टाइम मशीन असो की परग्रहावरचा पाहुणा, डोळे मिटून फक्त आवाज ऐका. मंत्र म्हटला की 'टिरिरिरिंग', यंत्र चालू झालं की 'झूऽऽम'. सगळीकडे तेच! कारण सगळ्यांनी सर्चमध्ये एकच शब्द टाकला आणि वर आलेली पहिलीच फाइल उचलली.

माझं मत स्पष्ट आहे. जादूचा किंवा भविष्यातल्या यंत्राचा आवाज उचलून आणायचा नसतो, तो साध्या रोजच्या आवाजांतून बनवायचा असतो. हे काही मी कलेच्या सोवळ्यापोटी म्हणत नाही. असा आवाज जास्त खरा वाटतो, आणि त्याला कारण आहे.

'स्टार वॉर्स' (१९७७) मधल्या प्रकाशाच्या तलवारीचं उदाहरण घ्या. बेन बर्ट या ध्वनिसंयोजकाने त्या गुणगुणण्यासाठी सिनेमाच्या जुन्या प्रोजेक्टरच्या मोटारींचा आवाज घेतला. त्यात मिसळली टीव्हीच्या पिक्चर ट्यूबची करकर, जी वायर तुटलेल्या एका माइकने पकडली होती. म्हणजे जी खरखर आपण 'नॉइज' म्हणून पुसून टाकू, ती या माणसाने जपून ठेवली! पण खरी गंमत पुढे आहे. तलवार फिरल्यासारखी वाटावी म्हणून त्याने ही गुणगुण स्पीकरवर लावली आणि स्पीकरसमोरून दुसरा माइक हलवत ती पुन्हा रेकॉर्ड केली. फर्स्ट इयरचा डॉप्लर! माइक सेकंदाला ५ मीटर वेगाने हलला तर बदल जेमतेम दीड टक्का, म्हणजे पेटीवरच्या शेजारच्या दोन पट्ट्यांमधल्या अंतराचा पाव हिस्सा. शिवाय माइक जवळ-लांब होताना आवाज लहान-मोठा होतो ते वेगळंच. एवढ्याशा बदलावरून कान म्हणतो, 'काहीतरी हललं बरं का!'

दुसरं उदाहरण बीबीसीच्या 'डॉक्टर हू' मालिकेचं. १९६३ साली ब्रायन हॉजसनने टार्डिस या काळयंत्राचा आवाज बनवला तो पियानोच्या खर्जातल्या तारांवर घराची किल्ली खरवडून आणि मग ती टेप खालीवर करून. ना संगणक, ना प्लगइन. किल्ली आणि तार.

या दोन्ही आवाजांत खऱ्या वस्तूचा स्पर्श आहे. लोखंड लोखंडासारखं वाजतं, मोटार मोटारीसारखी. फक्त ती नेमकी कुठली वस्तू आहे ते ओळखू येत नाही. मेख इथेच आहे. कानाला पदार्थ ओळखीचा वाटला पाहिजे, वस्तू नाही.

हे जमवायचं मुख्य हत्यार म्हणजे पिच बदलणं. त्याचे दोन मार्ग आहेत, आणि ९० टक्के पोरं चुकीच्या दाराने आत शिरतात. पहिला मार्ग जुन्या टेपचा. वेग कमी केला की पिच उतरतो आणि आवाज लांबतो. एक सप्तक खाली गेलात तर लांबी दुप्पट, 'सा' पासून खालच्या मध्यमापर्यंत म्हणजे सात अर्धस्वर उतरलात तर 2^(7/12), म्हणजे जवळजवळ दीडपट. दुसरा मार्ग लांबी तीच ठेवून फक्त पिच बदलण्याचा. त्यासाठी सॉफ्टवेअर आवाजाचे तुकडे करून ते पुन्हा जुळवतं. गाण्याला ते ठीक आहे, पण ठोक्याच्या आवाजाची धार त्यात बोथट होते, ठोका चिखलात पडल्यासारखा वाटतो.

म्हणून इफेक्टसाठी बहुतेक वेळा पहिलाच मार्ग घ्या. ऑडेसिटीच्या नव्या आवृत्त्यांत त्याला Change Speed and Pitch म्हणतात, जुन्यांत Change Speed. लांबी वाढणं हा इथे तोटा नाही, उलट फायदा आहे. मोठी वस्तू जास्त वेळ घुमते, हे कानाला लहानपणापासून माहीत आहे. त्यामुळे ताट एक सप्तक खाली आणलं की ते आपोआप परातीएवढं होतं.

आता एक मंत्र प्रत्यक्ष बनवू. समजा मांत्रिक एक कुलूपबंद पेटी उघडतो आहे. आपल्याला तीन थर हवेत, त्याहून जास्त नकोत.

पहिला थर ओळखीचा. मेसमधलं स्टीलचं ताट दोऱ्याला टांगा, चमच्याने हलकेच वाजवा. समजा तो नाद १.६ सेकंद टिकला. सात अर्धस्वर खाली आणा, तो साधारण २.४ सेकंदांचा होईल. मग उलटा करा. आता नाद शून्यातून उमलत वाढत जातो आणि ठोक्याशी येऊन तुटतो. मंत्राची शक्ती गोळा होते ती हीच.

दुसरा थर वजनाचा. खोलीतल्या लोखंडी कपाटाचं दार धाडकन लावा. एक सप्तक खाली. हा बरोबर २.४ सेकंदांवर, म्हणजे उलटं ताट जिथे संपतं तिथे सुरू करा. इथे काटेकोर राहा. दोन ठोक्यांत वीस-तीस मिलिसेकंदांपेक्षा जास्त फरक पडला की कान त्यांना एक घटना मानत नाही, आधी ताट आणि मग कपाट असे दोन वेगळे आवाज ऐकतो. शंका आली तर स्क्रीनवर लहरी मोठ्या करून शिखरं जुळवा.

तिसरा थर चमकेचा. ग्लासभर पाण्यात इनो टाका आणि माइक ग्लासच्या तोंडाशी धरा (तोंडाशी, आत नाही!). हा थर पिच न बदलता २.४ सेकंदांवरच सुरू करा आणि दीड सेकंदात विरवा. पेटी उघडली, जादू हवेत विरली, एकूण काम चार सेकंदांच्या आत.

तिसऱ्याला हात का लावला नाही? इथे आपला सॅम्पलिंग थिअरम कामाला येतो. ४४.१ किलोहर्ट्झने रेकॉर्ड केलं तर त्यात जास्तीत जास्त २२ किलोहर्ट्झपर्यंतचा आवाज मावतो. एक सप्तक खाली आणला की वरची हद्द ११ वर येते, दोन सप्तकं आणला की साडेपाचवर. वर काही उरतच नाही, आणि आवाज गोधडीत गुंडाळल्यासारखा होतो. इक्वलायझरने वरचा भाग कितीही चढवा, जे नाही ते वाढणार कसं? म्हणून ती रिकामी जागा दुसऱ्या, न उतरवलेल्या थराने भरायची. इनोची फसफस बरोबर तिथेच बसते. थरांची निवड म्हणजे 'भारी आवाज एकावर एक' नव्हे. प्रत्येकाला आपापला मजला द्यायचा. तिघेही एकाच मजल्यावर राहायला गेले की ऐकू येतो तो नुसता गोंगाट, सकाळच्या नळावरच्या रांगेसारखा.

यंत्राचा आवाज बनवताना वेगळी अडचण येते. सगळे जण मोटारीचा आवाज घेतात आणि 'सुरू होणं' दाखवायला फेड-इन मारतात. त्याने यंत्र सुरू झाल्यासारखं वाटत नाही, शेजारच्या खोलीतून कोणीतरी ते घेऊन आल्यासारखं वाटतं. खरी मोटार सुरू होताना आधी पिच चढतो, मग स्थिर होतो. भार पडला की पिच उतरतो. म्हणून दाढीचा ट्रिमर घ्या, चालू करतानाचा क्षण रेकॉर्ड करा, चालू असताना तो ताटाच्या कडेला टेकवा, मग बंद करा. सुरुवात, काम, शेवट तिन्ही मिळाले. आता अख्खी फाइल एक सप्तक खाली आणा. हातातला ट्रिमर गेला, दार कापणारं यंत्र आलं!

रेकॉर्डिंग करताना पंखा बंद करा, हे सांगायला नको. पण कारण ऐका. विजेची ५० हर्ट्झची घरघर लहान स्पीकरवर ऐकूच येत नाही, म्हणून आपण निर्धास्त असतो. तीच फाइल दोन सप्तकं वर नेली की घरघर २०० हर्ट्झवर येऊन बसते, आणि मग ती सगळ्यांना ऐकू येते. खोलीच्या प्रतिध्वनीचंही तसंच आहे. बाथरूममध्ये अर्धा सेकंद घुमणारा आवाज एक सप्तक खाली नेला की एक सेकंद घुमतो, म्हणजे बाथरूमची गुहा होते. मंत्राला हे फळतं. मनगटावरच्या यंत्राला मात्र गुहा शोभत नाही, त्यासाठी गादी-उशांच्या मध्ये बसून रेकॉर्ड करा.

शेवटची तपासणी दोन ठिकाणी करा. एकदा फोनच्या स्पीकरवर, कारण तिथे कपाटाचं वजन जवळजवळ गायब होतं. त्या छोट्या स्पीकरवरही मंत्र कळला पाहिजे, म्हणजे ओळख ताटाच्या थरात आहे याची खात्री पटते. मग एकदा हॉलमध्ये, प्रयोगाच्या आदल्या दिवशी. आणि थर एकत्र करण्याआधी प्रत्येकाची पातळी सहाएक डेसिबलने खाली घ्या, नाहीतर ठोक्याच्या क्षणी लहरींची डोकी छाटली जातील आणि 'धाड'च्या जागी 'फाट' ऐकू येईल.

यावर लोक म्हणतील, "अरे, सबमिशन तोंडावर आलंय, आणि तू ताटं वाजवत बसायला सांगतोस?" वेळेचा मुद्दा मान्य. ढगांचा गडगडाट किंवा स्फोट हॉस्टेलमध्ये मिळणार नाही (मिळाला तर रेक्टरसाहेब आधी येतील), तो तयार लायब्ररीतून जरूर घ्या, वापरायची परवानगी काय आहे ते वाचून घ्या, आणि त्याला एक थर म्हणून वापरा. पण अख्खा मंत्रच उसना आणू नका. वरचा सगळा खटाटोप एका दुपारचा आहे, आणि सामान म्हणाल तर ताट, कपाट, ट्रिमर आणि इनोची एक पुडी.

तेव्हा पुढच्या गॅदरिंगला मांत्रिकाने हात वर केला, की मागच्या रांगेतल्या पोरांनी 'हा तर मागच्या वर्षीचाच' म्हणू नये, एवढीच अपेक्षा. मेसचं ताट मात्र परत करा. मामा मोजून ठेवतात.