हाकेचे नाव आणि हजेरीपटावरचे नाव

प्रश्नमंजूषेसाठी ‘जोड्या लावा’ या जातीचा प्रश्न रचणे हे काम वरवर पाहता अत्यंत सोपे वाटते. परंतु ज्या पात्रांना वाचक केवळ हाकेच्या नावाने ओळखतो आणि ज्यांचे खरे नाव पुस्तकात क्वचितच डोकावते, अशा पात्रांची दोन्ही नावे समोरासमोर मांडण्याचा प्रसंग आला, म्हणजे प्रश्नकर्त्याच्या सावधपणाची खरी कसोटी लागते. एका आंतरशालेय स्पर्धेसाठी रचलेला असा एक मसुदा मजकडे तपासणीस आला होता. त्यातील ‘अ’ गटात फास्टर फेणे, बोक्या सातबंडे, फेलूदा आणि टेनिदा ही नावे होती, आणि ‘ब’ गटात उलटसुलट क्रमाने बनेश फेणे, चिन्मयानंद सातबंडे, प्रदोषचंद्र मित्र व भजहरी मुखोपाध्याय.

तपशिलात एकही चूक नव्हती. भा. रा. भागवतांचा फुरसुंगीचा फास्टर फेणे हा बनेशच, दिलीप प्रभावळकरांचा बोक्या हा चिन्मयानंदच, आणि सत्यजित राय यांचा फेलूदा व नारायण गंगोपाध्यायांचा टेनिदा यांची नावेही बिनचूक होती. तथापि ज्या मुलाने यांपैकी एकही पुस्तक उघडलेले नाही, त्याला केवळ आडनावावर आडनाव ठेवून पहिल्या दोन जोड्या बिनदिक्कत लावता येत होत्या. आणि मग उरलेल्या दोन नावांत त्याने डोळे मिटून बोट ठेवले, तरी संपूर्ण उत्तर बरोबर येण्याचा संभव निम्मा होता. म्हणजे त्या प्रश्नाने वाचनाचा दाखला मागितलाच नव्हता.

याचे मूळ दोन भाषांतील नावांच्या रीतीत आहे. आपल्याकडे मुलाचे टोपणनाव त्याच्या खऱ्या नावाची जागा घेते, परंतु आडनावाला सहसा धक्का लावीत नाही. बंगाली घरांत मात्र ‘डाकनाम’ आणि ‘भालोनाम’ अशी दोन नावे जवळजवळ प्रत्येकाला असतात, आणि घरात हाक मारण्याच्या डाकनामाचा शाळेच्या हजेरीपटावर नोंदलेल्या भालोनामाशी उच्चाराने वा अर्थाने काही संबंध असलाच पाहिजे, असे नाही. ‘फेलू’ला ‘दा’, म्हणजे दादा, जोडून झालेल्या नावात प्रदोषचंद्राचा मागमूसही सापडत नाही. म्हणूनच या प्रश्नाला बंगाली बालसाहित्याची भूमी विशेष मानवते; मात्र प्रेमेंद्र मित्रांचा घनादा तेथेही टाळावा, कारण घनश्याम दास हे त्याचे नाव पहिल्या अक्षरांनीच आपले गुपित फोडते.

प्रश्नाच्या शीर्षकाचा शब्दही निष्काळजीपणाने योजू नये. मराठीत ‘टोपणनाव’ या एकाच शब्दात घरातले लाडाचे नाव आणि कवीने स्वीकारलेले लेखननाम ही दोन्ही सामावतात. फेलूदाच्या कथांतील जटायू हे लालमोहन गांगुलींचे लेखननाम आहे, डाकनाम नव्हे; तेव्हा त्यांना फेलूदाच्या पंक्तीस बसवायचे असेल तर टोपणनाव म्हणावे, आणि फक्त घरच्या नावांविषयी विचारायचे असेल तर ‘हाकेचे नाव’ असे स्पष्ट लिहून जटायूला वगळावे.

मग मी तो मसुदा कसा सुधारला? फेणे आणि सातबंडे ही आडनावे गाळून केवळ फास्टर व बोक्या एवढेच ठेवण्याची कल्पना प्रथम सुचली. परंतु ‘दा’ हा प्रत्यय बंगाली नावांना उघड वेगळे काढीत होता, म्हणून चौघेही एकाच पुस्तकमालेतून घेणे मला अधिक न्याय्य वाटले. टेनिदाची पटलडांग्याची चौकडी यासाठी जणू घडवूनच ठेवलेली आहे: स्वतः टेनिदा, कथा सांगणारा प्याला, हाबुल आणि क्याबला. ‘ब’ गटात कुशल, भजहरी, स्वर्णेंदू व कमलेश ही नावे आडनावांवाचून ठेवली, आणि पाचवे नाव म्हणून प्रदोष घातले, ज्याला ‘अ’ गटात जोडीदारच नाही.

या पाचव्या नावाने बरेच साधते. चारास चार असता तीन जोड्या ज्याला ठाऊक त्याला चौथी आयतीच मिळते. पाच नावे असता त्या चौथीसाठीही दोहोंतून निवड करावी लागते. दोनच जोड्या ठाऊक असलेल्याला पूर्वी दोहोंतून एक मांडणी निवडायची होती, आता सहांतून निवडावी लागते. मात्र उपरे नाव त्याच जातीचे हवे. तेथे एखाद्या स्त्रीचे वा ऐतिहासिक पुरुषाचे नाव घातले, तर ते पहिल्याच दृष्टिक्षेपात बाद होते आणि सगळा खटाटोप फुकट जातो.

ही चौकडी आपल्या मुलांना अपरिचित असेल, अशी रास्त तक्रार संयोजकांनी केली, आणि ती मी मान्य केली. पुस्तके शाळेच्या ग्रंथालयात नसताना असा प्रश्न घालणे अन्यायाचे होईल. म्हणून त्या स्पर्धेत जोड्या न ठेवता एकच सुटा प्रश्न ठेवला: बनेश हे खरे नाव असलेला, फुरसुंगीहून पुण्याला शिकायला आलेला मुलगा कोणत्या नावाने प्रसिद्ध आहे? उत्तरपत्रिका तपासणाऱ्यांना नुसते ‘फाफे’ असे लिहिलेलेही ग्राह्य धरावे, अशी लेखी सूचना दिली. कारण त्याचे वाचक त्याला याही नावाने ओळखतात.

— प्राश्निक