उत्तर एकच, आकडे अनेक

अभियांत्रिकीच्या प्रवेशपरीक्षांत चार पर्यायांतून निवड करण्याऐवजी उत्तराचा आकडा स्वतः भरावयाचे प्रश्न आता रूढ झाले आहेत. त्यामुळे अंदाजपंचे गुण मिळविण्याची वाट बरीच बंद झाली, हे मान्यच केले पाहिजे. परंतु पर्याय समोर असताना उत्तरातील किरकोळ फरक जवळचा पर्याय पाहून मिटत असे. तो आधार गेल्यावर कोणता आकडा बरोबर मानावयाचा, हे नियमानेच ठरवावे लागते.

एक साधे उदाहरण घेऊ. तीस मीटर उंचीवरून सेकंदाला पंचवीस मीटर वेगाने आडवा फेकलेला दगड किती दूर पडेल? गुरुत्वत्वरण १० धरल्यास उत्तर ६१.२४ मीटर येते, ९.८ धरल्यास ६१.८६. पूर्णांकात उत्तर मागितले, तर पहिल्या विद्यार्थ्याचे ६१ आणि दुसऱ्याचे ६२ होते. रीत दोघांचीही निर्दोष आहे. तिसऱ्याने १० च धरले, पण मध्येच २.४५ सेकंदांचे २.४ केले, तर त्याचे ६० येतात. यांपैकी तिसऱ्याची चूक त्याची स्वतःची. पहिल्या दोघांतील तफावत मात्र प्रश्नकर्त्याची आहे. जेईई मेनमध्ये २०२२ पासून अशा प्रश्नांनाही ऋण गुण आहेत. म्हणजे बरोबर उत्तराचे चार आणि चुकीचे उणे एक, असा पाच गुणांचा फरक केवळ न सांगितलेल्या एका आकड्यामुळे पडू शकतो.

जेईई अॅडव्हान्स्डमध्ये उत्तर दोन दशांश स्थळांपर्यंत छाटण्याची किंवा जवळच्या आकड्यात बदलण्याची मुभा असते. २.४४९ चे एकाने २.४४ लिहिले, दुसऱ्याने २.४५, दोन्ही ग्राह्य धरावयाचे, तर उत्तरसूचीत एक आकडा पुरत नाही, मर्यादा द्यावी लागते. २०१८ साली ११, ११.० आणि ११.०० ही तिन्ही उत्तरे ग्राह्य असल्याचे परीक्षेनंतर स्पष्ट करण्यात आले. सूचना काटेकोर पाळणाऱ्यांना हा अन्याय वाटला आणि वाद मद्रास उच्च न्यायालयात गेला. गणिताच्या दृष्टीने ती भूमिका योग्यच होती; दोष होता तो ती उशिरा सांगण्यात.

मर्यादा सैल ठेवणे हाही उपाय नव्हे. वरील उदाहरणात ६० ते ६२ पर्यंत सारेच मान्य केले, तर मध्येच छाटणाराही पार पडेल. मर्यादा इतकीच रुंद हवी, की प्रत्येक निर्दोष रीत तिच्यात बसावी आणि सदोष रीत बाहेर राहावी. त्यासाठी प्रश्नकर्त्याने स्थिरांक प्रश्नातच द्यावेत, प्रश्न दोन-तीन रीतींनी सोडवून पाहावा आणि ज्याचे खरे उत्तर ६२.५ सारखे अर्ध्याच्या सीमेवर येते, असा प्रश्न पूर्णांकासाठी घेऊच नये. विद्यार्थ्यानेही आकडा जवळचा करावयाचा तो शेवटच्या पायरीवरच. मर्यादा मात्र पेपर सुटण्यापूर्वीच ठरलेली असावी. नंतर ठरलेली मर्यादा कितीही योग्य असली, तरी ती कोणाच्या तरी सोयीची वाटल्यावाचून राहत नाही.