घराचा ताबा घेताना यादी आणि फोटो : "विश्वास आहे ना?" म्हणणाऱ्यांसाठी

मे-जून आला की मला दोन प्रकारचे फोन जास्त येतात. एक पाण्याच्या टँकरचे, दुसरे डिपॉझिटचे. बदल्यांचा हंगाम, शाळा सुरू व्हायच्या आधीची घरबदली, आणि मग "दादा, मालक डिपॉझिट देत नाहीये, बातमी लावता का?" बातमी लावून डिपॉझिट परत येत नाही. ते येतं पुराव्याने, आणि तो पुरावा घर सोडताना तयार करता येत नाही, ताबा घेतानाच करावा लागतो.

मंडळी, आधी आपल्याकडची पद्धत बघा. लिव्ह अँड लायसन्स करार ऑनलाइन होतो. एजंट घरी लॅपटॉप घेऊन येतो, मालकाचा अंगठा घेतो, भाडेकरूचा अंगठा घेतो, दोघांचे फोटो काढतो, साक्षीदारांचेही काढतो. पोलिसात माहिती जाते. स्टँप ड्युटी, नोंदणी फी आणि एजंटचे पैसे जातात. एवढं सगळं होतं, पण ज्या घरासाठी हे चाललंय त्या घराचा एकही फोटो कोणी काढत नाही! फार तर करारात "पंखे 3, ट्यूब 4, गिझर 1" अशी मोजणी असते. पंखा फिरतो की नुसता लटकतो, हे त्यात नसतं.

आणि त्याच करारात एक वाक्य मात्र हमखास असतं : घर आहे त्या स्थितीत ठेवायचं, नुकसान झालं तर भाडेकरूने भरून द्यायचं, नेहमीच्या वापराची झीज सोडून. वाक्य रास्त आहे. पण "आहे ती स्थिती" म्हणजे कोणती, हे कुठेच लिहिलेलं नाही. ते दोन वर्षांनी मालकाच्या आठवणीवर ठरतं, आणि डिपॉझिटही मालकाच्याच खिशात असतं.

आता खरं उदाहरण घ्या. आपल्याच गावातल्या एका ताईंचं आहे, त्यांच्या परवानगीने सांगतो. नावं कुणाचीच देत नाही. त्या नर्स, नवरा एमआयडीसीत. दोन खोल्या-किचन, डिपॉझिट 40,000 रुपये. मे महिन्यात राहायला आले, 22 महिन्यांनी सोडलं. मालकाने हिशेब दिला : रंगकाम 14,000, सिंकखालचं कपाट 6,500, हॉलच्या भिंतीची ओल 5,000, बाथरूमच्या बेसिनला तडा 3,500, साफसफाई 1,500. कापले 30,500, हातात दिले 9,500.

ताईंचं म्हणणं होतं, कपाटाचा प्लाय आलो तेव्हाच फुगलेला होता, बेसिनला केसासारखी चीर पहिल्यापासून होती, आणि रंग तर आधीच्या भाडेकरूच्या वेळचाच होता. मालक म्हणाला, "दाखवा." दाखवायला काही नव्हतं. मालक खोटं बोलत होता असं मी म्हणत नाही. 22 महिन्यांपूर्वीचं त्यालाही आठवत नसेल. पण आठवत नाही याचा फायदा ज्याच्याकडे पैसे असतात त्यालाच मिळतो.

एका गोष्टीत मात्र ताई जिंकल्या. त्याच वर्षीच्या जुलैत मुलाचा वाढदिवस झाला होता. केक कापतानाचा फोटो त्यांनी त्याच रात्री मालकीणबाईंना व्हॉट्सअॅपवर पाठवला होता. केकच्या मागे हॉलची भिंत, आणि भिंतीवर छतापासून उतरलेला ओलीचा डाग. म्हणजे पहिल्याच पावसात गच्चीतून पाणी झिरपत होतं. भाडेकरूने भिंत ओली केलेली नव्हती. फोटो मालकांच्याच घरातल्या फोनवर, तारखेसकट. ओलीचे 5,000 मुकाट्याने परत आले.

हा फोटो का चालला, हे नीट समजून घ्या. सगळी गोम इथेच आहे.

लोकांना वाटतं, फोटोच्या कोपऱ्यात तारीख आणि लोकेशन छापणारं अॅप वापरलं की झालं. पण फोनचं घड्याळ मागेपुढे करता येतं आणि छापलेली तारीख बदलताही येते. समोरचा वकील हेच विचारणार. ताईंच्या फोटोवर तारीख छापलेलीच नव्हती. त्याची तारीख पक्की झाली ती तो त्याच दिवशी समोरच्या माणसाकडे पोचला म्हणून. म्हणून फोटो काढणं हे अर्धं काम, त्याच दिवशी मालकाला पाठवणं हे उरलेलं अर्धं.

पाठवताना एक काळजी घ्या. व्हॉट्सअॅपवर नेहमीसारखा फोटो टाकला की तो दाबला जातो आणि आतली मूळ माहिती निघून जाते. डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाहीतर ई-मेल करा, आणि मूळ फोटो फोनमधून पुसू नका. प्रकरण कोर्टात गेलंच तर इलेक्ट्रॉनिक पुराव्याला प्रमाणपत्र जोडावं लागतं. आपल्या जालन्याच्याच निवडणूक वादात, अर्जुन खोतकर विरुद्ध कैलास गोरंट्याल या खटल्यात, सर्वोच्च न्यायालयाने 2020 साली हे स्पष्ट केलं : मूळ उपकरणच कोर्टात हजर केलं तर वेगळी गोष्ट, नाहीतर प्रमाणपत्र हवंच. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही प्रमाणपत्राची तरतूद आहे. ते वकील बघेल. तुम्ही मूळ फाइल सांभाळा.

आता यादी. सामान आत यायच्या आधी, रिकाम्या घरात, दिवसाउजेडी, मालक किंवा त्याचा माणूस सोबत असताना करायची. चार रकाने पुरतात : क्रमांक, वस्तू किंवा जागा, अवस्था, फोटो क्रमांक. अवस्थेच्या रकान्यात "चांगली" किंवा "ठीक" लिहिलंत तर यादी फाडून टाकली तरी चालेल. ताईंच्या घरात काय लिहायला हवं होतं ते सांगतो. "सिंकखालचं कपाट : उजव्या कोपऱ्यात तळाचा प्लाय फुगलेला, तळहाताएवढा भाग. फोटो 12, 13." "बेसिन : नळाच्या डावीकडे बोटभर लांब चीर, पाणी गळत नाही. फोटो 19." एवढ्या दोन ओळींनी 10,000 रुपयांचा वाद उभाच राहिला नसता.

फोटो काढताना आधी दारातून पूर्ण खोली, मग ती भिंत किंवा वस्तू, मग जवळून. नुसता जवळून काढलेला तड्याचा फोटो कुठल्याही बेसिनचा असू शकतो. जवळच्या फोटोत शेजारी नाणं ठेवा, म्हणजे आकार कळतो. बारीक चिरा समोरून दिसत नाहीत, टॉर्च बाजूने तिरका धरा. नळ, फ्लश, गिझर, पंखे चालू करून व्हिडिओ घ्या, कारण बंद गिझर फोटोत चालू गिझरसारखाच दिसतो. महावितरणच्या मीटरचं रीडिंग मीटर नंबरसकट घ्या. किती चाव्या मिळाल्या तेही लिहा.

आणि आपल्या हवामानाची एक गोष्ट. मे महिन्यात ओल दिसत नाही. मालकाने नुकताच चुना फिरवला असेल तर अजिबातच नाही. म्हणून ताब्याच्या दिवशीची यादी पावसाळ्यात एकदा पुरी करायची. पहिला जोराचा पाऊस झाला की छत, खिडक्यांचे कोपरे, बाथरूमच्या मागची भिंत बघा, फोटो काढा, त्याच दिवशी मालकाला पाठवा.

यादीच्या दोन प्रती, प्रत्येक पानावर दोघांच्या सह्या आणि तारीख. मालक सही करत नसेल तर भांडू नका. साधा मेसेज पाठवा : "आज घराचा ताबा घेतला. सोबत यादी आणि 34 फोटो. काही चुकीचं वाटल्यास तीन दिवसांत कळवावे." त्याचं गप्प राहणं म्हणजे कबुली नव्हे. पण नंतर "मला माहीतच नव्हतं" असं त्याला म्हणता येत नाही. सोडतानाही रिकाम्या घराचे त्याच कोनांतून फोटो घ्या, चावी द्यायच्या आधी. आधीचा फोटो आहे आणि नंतरचा नाही, तर निम्मा पुरावा गेला.

रंगाचे 14,000 मात्र फोटोनेही पूर्ण सुटले नसते, हेही सांगतो. फोटोने रंग जुना होता एवढं दिसलं असतं. पुढचा मुद्दा हिशेबाचा आहे. भिंतीचा रंग राहता राहता उडतोच, ती वापराची झीज. मुलाने रेघोट्या मारल्या असतील तर त्या भिंतीचं बोला. पण जुन्या रंगाच्या बदल्यात अख्खं घर भाडेकरूच्या पैशाने नवं करून घ्यायचं, आणि पुढच्या भाडेकरूला "नुकताच रंग दिलाय" म्हणून भाडं वाढवायचं, याला नुकसानभरपाई म्हणत नाहीत.

कोणी म्हणेल, कायदा आहे की. आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा 1999, कलम 55 : करार लेखी आणि नोंदणीकृत हवा, ती जबाबदारी मालकाची. नसेल तर अटींबाबत भाडेकरूचं म्हणणं ग्राह्य, उलट सिद्ध होईपर्यंत. पण ते अटींबाबत. बेसिनची चीर कधीची, हे कलम 55 सांगत नाही. आणि 30,500 रुपयांसाठी दिवाणी कोर्टात किती खेटे घालणार? वकिलाची फी आणि बुडालेले रोज धरले तर हिशेब तोट्यातच जातो. हे मालकांनाही ठाऊक असतं. म्हणून पुरावा कोर्टासाठी कमी, कोर्टाबाहेरच्या त्या दहा मिनिटांच्या बोलण्यासाठी जास्त लागतो.

इंग्लंडमध्ये 2007 पासून घरमालकाला बहुतेक भाडेकरूंचं डिपॉझिट सरकारमान्य योजनेखाली ठेवावं लागतं. वाद झाला की योजनेचा निवाडा करणारा माणूस कागद आणि फोटो बघतो, आणि नुकसान सिद्ध करायचं ओझं मालकावर असतं. तिथे यादी बनवायची घाई मालकालाच असते. आपल्याकडे उलटं : पैसे मालकाकडे, सिद्ध करायचं भाडेकरूने. मग मालक कशाला यादी करेल?

तरीही मालकांना सांगतो, करा. टाइल फोडून "आधीपासूनच होती" म्हणणारे भाडेकरूही मी पाहिलेत. तेव्हा तुमच्याकडे तरी काय असतं?

"अविश्वास दाखवता का?" असं विचारणाऱ्यांना माझा एकच प्रश्न आहे. विश्वासच आहे तर डिपॉझिट कशाला घेता? 40,000 घेताना व्यवहार आणि यादीची गोष्ट निघाली की घरोबा, हे चालणार नाही.

आणि गावातल्या एजंट मंडळींना जाहीर विनंती. अंगठे घेता तसं घरही नोंदवा. यादी आणि फोटो कराराच्या दिवशीच दोन्ही पक्षांना ई-मेल करा. तासाभराचं काम आहे, हवं तर त्याचे वेगळे पैसे घ्या. जो एजंट हे सुरू करेल त्याचं नाव मी इथे आनंदाने लिहीन.

या महिन्यात घर बदलत असाल तर सामानाचा टेम्पो दारात लागायच्या आधी हे करा. ओळखीत कोणी बदलत असेल तर त्यालाही पाठवा.