नुसते नाव कोणाचे?

एखाद्या वस्तूचे दुसरे रूप बाजारात आणावयाचे ठरले, म्हणजे त्या नव्या रूपाला काय म्हणावे यावर कारखान्याच्या बैठकीत तासन्‌तास खल होतो. परंतु जे रूप आधीपासूनच विकले जात आहे, दुकानदाराच्या तोंडी बसले आहे आणि गिऱ्हाइकाच्या घरी नांदत आहे, त्याच्या नावाचे आता काय करावयाचे, हा प्रश्न बहुधा कोणी विचारीतही नाही. आमच्या मते नामरचनेतील खरा पेच तेथेच आहे. वस्तू एकटी असते तोवर तिचे नाव आणि तिच्या कुळाचे नाव एकच असते आणि त्यात कोणाचीही गैरसोय होत नाही. दुसरे भावंड जन्मास आले की मात्र त्या नुसत्या, उपपदरहित नावावर दोघांचा हक्क उत्पन्न होतो, आणि तो कोणाचा हे कारखानदाराने ठरविले नाही, तर त्याचा निवाडा दुकानाच्या गल्ल्यावर, दररोज आणि निरनिराळ्या प्रकारे होऊ लागतो.

या प्रश्नाचे उत्तम उदाहरण पाहण्यासाठी नाशिककरांना दूर जावे लागत नाही. सातपूरच्या महिंद्रा कारखान्याशी ज्यांचे नाव वर्षानुवर्षे जोडलेले आहे, त्या बोलेरो आणि स्कॉर्पिओ या दोन गाड्यांच्या बाबतीत एकाच कंपनीने सुमारे एका वर्षाच्या अंतराने या प्रश्नाची दोन अगदी भिन्न उत्तरे दिली, आणि दोन्ही उत्तरे विचारपूर्वक दिलेली दिसतात. त्यामुळे ती शेजारी शेजारी ठेवून वाचण्याजोगी आहेत.

बोलेरो २००० साली आली आणि खेडोपाडी रुजली. त्याच कंपनीने २०१५ साली टीयूव्ही ३०० या नावाची एक निराळी गाडी काढली होती. तिचेच सुधारलेले रूप जुलै २०२१ मध्ये ‘बोलेरो निओ’ या नावाने बाजारात आले. येथे जुन्या बोलेरोच्या नावाला हातही लावण्यात आला नाही. ती नुसती बोलेरोच राहिली आणि उपपद नव्या गाडीने धारण केले. अक्षर आणि आकडा यांच्या जुळणीतून बनलेले जे नाव लोकांच्या जिभेवर म्हणावे तसे रुळले नव्हते, ते सोडून देऊन एका नावाजलेल्या कुळाची पत नव्या गाडीला मिळवून द्यावी, असा यातील हेतू असावा, हा आमचा तर्क आहे. असा हेतू असताना ज्याची पत आपण घेत आहोत त्याचेच नाव बदलणे हा उघड आत्मघात ठरला असता.

स्कॉर्पिओचा मामला वेगळा होता. २००२ साली आलेल्या या गाडीची सर्वस्वी नवी पिढी जून २०२२ मध्ये जाहीर झाली. एरवीच्या रिवाजाप्रमाणे जुनी गाडी बंद होऊन नुसते नाव नवीकडे वारसाहक्काने गेले असते आणि प्रश्न मिटला असता. पण जुनीचे उत्पादन चालूच ठेवावयाचे होते. अशा वेळी नुसते नाव नवीला दिले, तर जुनी मागणाऱ्याची फसगत होणार. जुनीकडे ठेवले, तर नवी ही जणू तिची एक शाखा आहे असा समज होणार. कंपनीने ते नाव कोणालाच दिले नाही. नवी ‘स्कॉर्पिओ-एन’ झाली, आणि दोनच महिन्यांत, ऑगस्टमध्ये, वीस वर्षे नुसते स्कॉर्पिओ म्हणवून घेणारी गाडी ‘स्कॉर्पिओ क्लासिक’ झाली. नुसते स्कॉर्पिओ हे आता केवळ कुळाचे नाव उरले.

या दोन निवाड्यांतून जो नियम निघतो तो असा: नवे रूप जुन्याच्या शेजारी बसावयाचे असेल, तर नुसते नाव जुन्याकडेच राहू द्यावे, नवे रूप जुन्याच्या जागी बसण्याच्या योग्यतेचे असेल आणि तरीही जुने चालू राहावयाचे असेल, तर ते नाव दोघांकडूनही काढून घ्यावे. दुसऱ्या मार्गाची किंमत अधिक आहे, हे मात्र आधीच हिशेबात धरले पाहिजे. कारण ‘क्लासिक’ हे पद ऑगस्ट २०२२ पूर्वी विकलेल्या एकाही गाडीच्या कागदपत्रांवर असू शकत नाही, आणि म्हणून सुट्या भागांच्या दुकानी कोणी स्कॉर्पिओचा भाग मागितला, तर काउंटरवरच्या माणसाला गाडीचे साल विचारल्याखेरीज गत्यंतर नाही. ज्या कुळात जुन्या मालाची दुरुस्ती आणि सुटे भाग यांचा व्यवहार मोठा आहे, त्याने हा मार्ग धरताना भागांच्या यादीत जुन्या नावापुढे सालाचा रकाना आधीच आखून ठेवावा.

आता नावाच्या शेपटाकडे वळू, कारण घोटाळ्यांची दुसरी जागा ती आहे. बोलेरोचे दर्जे बी-४, बी-६ असे सम अंकांनी चढत गेले, निओचे एन-४, एन-८, एन-१० असे. यात अक्षर गाडी सांगते, अंक दर्जा सांगतो, आणि शिडी वरच्या बाजूने मोकळी असल्यामुळे पुढील पायरीला जागा राहते. २०२५ च्या ऑक्टोबरात बोलेरोची नवी सर्वोच्च पायरी आली तेव्हा तिला बी-८ हे नाव विनासायास मिळाले ते यामुळेच. जेथे पायऱ्यांच्या मध्येच काही घालावे लागले, तेथे मात्र कंसातले ‘ओ’ हे अक्षर आले. बी-६ (ओ) मध्ये त्या ‘ओ’चा अर्थ धुक्यातील दिवे, मागच्या काचेचा वायपर अशा सोयींची भर असा होता, एन-१० (ओ) मध्ये त्याच ‘ओ’चा अर्थ चिखलात रुतलेल्या गाडीला बाहेर काढणारा, मागच्या दोन्ही चाकांना एकत्र जखडणारा डिफरन्शिअल असा झाला. पहिला फरक दर्जाचा आहे, दुसरा उपयोगाचा. ज्याला शेताच्या बांधावरून गाडी न्यावयाची आहे त्याला हा दुसरा ‘ओ’ हवाच, आणि ज्याला फक्त शहरात फिरावयाचे आहे त्याला तो नको. परंतु नावावरून दोघांनाही हे कळण्याचा मार्ग नाही. त्याच घराण्यात स्कॉर्पिओमध्ये ‘एन’ म्हणजे नवी पिढी आणि बोलेरो निओमध्ये ‘एन’ म्हणजे दर्जाच्या शिडीचे अक्षर, हेही वाचकांनी लक्षात घ्यावे. याउलट बोलेरो कॅम्पर आणि बोलेरो पिकअप ही नावे पाहा: ती मालवाहतुकीची आहेत, उपयोग सांगतात, दर्जाविषयी अवाक्षर काढीत नाहीत, आणि म्हणूनच इतक्या वर्षांत कोणाचा गोंधळ उडाल्याचे दिसत नाही.

ज्यांच्या हाती मोटारीऐवजी पाण्याची बाटली आहे, त्यांनी हेच सूत्र लावून पाहावे. समजा, अंबडच्या एका कारखानदाराची पोलादी बाटली ‘झरा’ या नावाने विकली जात आहे: एकपदरी, साडेसातशे मिलिलिटरची. त्याला आता दुपदरी, निर्वात भिंतीची, पाणी थंड ठेवणारी बाटली काढावयाची आहे, आणि प्रवासासाठी पाचशे मिलिलिटरची, कुलूपबंद झाकणाची. पहिल्या विचारात सुचणारी नावे म्हणजे झरा बेसिक, झरा प्रीमियम आणि झरा ट्रॅव्हल. कागदावर ती नीटस दिसतात. परंतु पहिली दोन पदे दर्जा सांगतात आणि तिसरे उपयोग, आणि तिन्ही एकाच जागी उभी आहेत. वर्ष उलटले की कोणी तरी प्रवासाचीच बाटली दुपदरी मागणार. तिला काय म्हणावयाचे? झरा प्रीमियम ट्रॅव्हल म्हटले, तर आधीची झरा ट्रॅव्हल ही आपोआप हलक्या दर्जाची ठरते, आणि तिच्या छापून पडलेल्या खोक्यांवर, दुकानदारांच्या दरपत्रकांत व हिशेबवह्यांत दुरुस्ती करण्याची पाळी येते.

आम्ही अशा कारखानदारास सांगू की प्रथम नुसते ‘झरा’ हे नाव जुन्या एकपदरी बाटलीकडे राहू द्यावे. नव्या बाटल्या तिच्या शेजारी बसणाऱ्या आहेत, जागी बसणाऱ्या नव्हेत; शिवाय ‘बेसिक’ हे पद विकत घेणाऱ्याला कमीपणा आणणारे आहे, आणि लग्नामुंजीत भेट देण्याच्या वस्तूवर ते छापणे अगदीच गैर होय. मग उपयोगाला एक जागा द्यावी आणि पदराला दुसरी, व त्यांचा क्रम कायमचा ठरवून टाकावा: झरा, झरा दुपदरी, झरा प्रवास, झरा प्रवास दुपदरी. चौथे नाव आज लागत नसले तरी आजच लिहून ठेवावे. ते वाचताना ओढाताण वाटली, तर पहिल्या तिहींत दोष आहे असे समजावे. ‘दुपदरी’ हा शब्द ‘प्रीमियम’इतका भारदस्त नाही, ही तक्रार विक्रीखात्याकडून येईल. तिचे उत्तर असे की दुपदरी बाटली दहा वर्षांनीही दुपदरीच राहते, तर आजच्या प्रीमियमच्या वर उद्या आणखी एक बाटली आली की प्रीमियमचा अर्थ मधला असा होतो.

मापाचा आकडा नावाच्या जागेत येऊ देऊ नये, तो शेवटी वेगळा राहावा. कारण नव्या साच्याने साडेसातशेचे आठशे झाले, तर नाव बदलावे लागता कामा नये. वस्तूचे सामान्य नाव, माप आणि किंमत वेष्टनावर छापण्याची सक्ती २०११ च्या आवेष्टित वस्तूंच्या नियमांनी केलेलीच आहे, म्हणून ‘बाटली’ हे पद नावात कोंबण्याचेही कारण नाही. कायद्याची आणखी एक बाजू ध्यानी असावी. १९९९ च्या व्यापारचिन्ह कायद्याचे कलम ९ निव्वळ वर्णनपर पदांच्या नोंदणीस आडकाठी करते. म्हणजे दुपदरी, प्रवास, प्रीमियम यांपैकी कोणतेही पद आपल्या एकट्याचे होणे कठीण, आणि प्रतिस्पर्ध्याने ते वापरले तर रोखता येणार नाही. राखण्याजोगी मालमत्ता ‘झरा’ हीच आहे, आणि ती प्रत्येक नावात प्रथम स्थानी, एकाच लिखाणात यावी, याचे हेही एक कारण.

रचना पक्की करण्यापूर्वी दोन कसोट्या अवश्य घ्याव्यात. पहिली दूरध्वनीची: आपल्या गोदामातील माणसाला चित्र न दाखविता, दुकानदाराच्या बोलीत, चारही वस्तूंची मागणी तोंडी सांगावी आणि त्याने काय लिहून घेतले ते पाहावे. ‘झरा द्या, दोन डझन’ एवढे ऐकून त्याने उलट प्रश्न न करता एकपदरी बाटली लिहिली, तर नुसत्या नावाचा निवाडा नीट झाला. त्याने ‘कोणता झरा?’ असे विचारले, तर जुन्या बाटलीलाही उपपद द्यावे लागेल, आणि ते माल छापण्यापूर्वी समजलेले बरे. दुसरी हिशेबाची: संगणकातील मालाच्या यादीत आणि बिलाच्या अरुंद रकान्यात नाव घालून पाहावे. रकाना भरल्यावर शेवटची अक्षरे गळतात, आणि गळलेले पद जर ‘दुपदरी’ असेल, तर दोन निरनिराळ्या किमतींच्या वस्तू एकाच नावाने बिलावर येतात. असे होत असेल, तर यादीपुरते पदाचे एक ठराविक संक्षिप्त रूप, जसे ‘दुप.’, मुखत्यारीने एकाच माणसाने ठरवावे आणि तेच सर्व शाखांना कळवावे. प्रत्येक कारकुनाने आपापले संक्षेप केले, तर वर्षाअखेरीस साठ्याचा मेळ बसत नाही.

जुन्या खोक्यांचा साठा शिल्लक असेल, तर वर सुचविलेल्या रचनेत तो जसाच्या तसा विकता येतो, कारण जुन्या बाटलीचे नाव बदललेलेच नसते. नाव दोघांकडूनही काढून घेण्याचा मार्ग ज्यांना धरावा लागेल, त्यांनी मात्र नवे उपपद जुन्या मालावर नव्या मालाच्या आधी, निदान त्याच्याबरोबर, चढवावे. स्कॉर्पिओच्या बाबतीत हे अंतर दोन महिन्यांचे होते आणि मोटारीच्या नोंदणीची पद्धत पाहता ते निभावले. बाटलीच्या धंद्यात दुकानाच्या फळीवर जुना माल याहून पुष्कळ अधिक काळ पडून असतो.